चार बोटं कमी की चार बोटं जास्त?

"वन्सं, लोकर ताणतेच की. चार बोटं कमीच घाला," वहिनी म्हणाल्या आणि मी ऐकलं. दादा थंडीत रोज पहाटे यवतेश्वरच्या घाटात चालायला जातो, त्याच्यासाठी स्वेटर विणायचा होता. त्याची छाती ९६ सेंटिमीटर. चार बोटं वजा करून मी ८८ धरले. स्वेटर अंगात गेला, बटणंही लागली. पण दादाने हात वर केले तशी खालची पट्टी सुर्रकन वर सरकली आणि शर्टाचा पांढरा घेर बाहेर आला. टेबलावर मोजताना बरोबर ६२ असलेली लांबी अंगावर ५७ भरली. पाच सेंटिमीटर लोकर गेली कुठे?

शिंपी माप घेताना विचारतो, "लूझिंग किती ठेवू?" हे लूझिंग म्हणजे कपड्याच्या घेरातून अंगाचा घेर वजा केल्यावर उरतं ते. शिवलेल्या शर्टात ते अधिकच असावं लागतं, नाहीतर श्वास घेताना शिवण उसवेल. विणलेल्या कपड्यात मात्र ते उणेही चालतं: कपडा अंगापेक्षा लहान, तरी घालता येतो. पायमोजा हे त्याचं रोजचं उदाहरण. वहिनींचं तत्त्व चूक नव्हतं. फक्त ताणते ती लोकर नव्हे, ताणतो तो टाका.

पायजम्याच्या नाडीचा एक तुकडा टेबलावर उभट वेढा करून ठेवा आणि त्याची दोन अंगं बाजूला ओढा. वेढा रुंद होतो आणि त्याच वेळी बुटका होतो. नाडी ताणलेली नाही, उंचीतली नाडी रुंदीत गेली. स्वेटरमधला प्रत्येक टाका हाच खेळ खेळतो. त्याला मिळालेला धागा ठरलेला असतो, माझ्या ८ नंबरच्या सुयांवर साधारण पावणेदोन सेंटिमीटर. (वीस टाके विणून धाग्यावर दोन्हीकडे खूण करा, उसवा, मोजा आणि विसाने भागा.) १९५९ साली मुंडेन या कापडशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की साध्या विणीचं कापड ताण न देता निवांत पडलेलं असलं, की एका चौरस सेंटिमीटरात किती टाके बसतील हे मुख्यतः टाक्यातल्या धाग्याच्या लांबीवर ठरतं. टाके त्या लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतात. लांबी दुप्पट केली तर टाके चौथाई. सुईचा नंबर आणि हाताची घट्ट-सैल सवय या लांबीतूनच कापडात उतरते.

आता दादाचा स्वेटर. शर्टावरून त्याची छाती ९८ भरते. म्हणजे ८८ चा घेर ९८ पर्यंत गेला, जवळपास अकरा टक्के. टाक्यांनी ती रुंदी स्वतःच्या उंचीतून दिली आणि पाच सेंटिमीटरचा हिशेब लागला. म्हणून उणे लूझिंग ठेवायचंच असेल तर लांबीला काही ओळी जास्त विणाव्या लागतात. शिवाय कापड परत मिटलं पाहिजे. मेंढीच्या लोकरीच्या तंतूला नैसर्गिक कुरळेपणा असतो, ती मिटते. सुती धाग्याला तशी उसळी नसते, टाके एकमेकांना घासून ताणलेल्या जागीच अडकून बसतात आणि दुपारपर्यंत कोपरं फुगतात. बाजारात आपण ज्याला लोकर म्हणतो ते बहुतेक वेळा ॲक्रिलिक असतं. ते बऱ्यापैकी मिटतं, पण त्यावर एकदा गरम इस्त्री फिरली की उसळी कायमची जाते. परीक्षा सोपी आहे. नमुन्याचा दहा सेंटिमीटरचा चौकोन ओढून तेरा करा, मिनिटभर धरा, सोडा. चहा पिऊन आल्यावर मोजा. साडेदहाच्या वर राहिला तर अंगाला चिकटणारा स्वेटर त्या धाग्यात विणू नका. एक सुलट एक उलट पट्टी हा अपवाद, कारण ती निऱ्यांसारखी मिटलेली असते आणि टाक्याला फारसा त्रास न देता नुसती उलगडते.

उणे नको, तर मग अधिक लूझिंग किती? हे कापड कसं पडतं यावर ठरतं, आणि पडणं मोजता येतं. मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटमधल्या पियर्सने १९३० मध्ये त्यासाठी एक साधी युक्ती मांडली. कापडाची पट्टी टेबलाच्या कडेवरून हळूहळू पुढे सरकवायची. आजच्या पद्धतीत, कडेपासून तिच्या लोंबत्या टोकापर्यंतची रेघ आडव्या पातळीखाली ४१.५ अंशांवर आली की थांबायचं आणि बाहेर आलेली लांबी मोजायची. पुठ्ठ्यावर तेवढा कोन काढून टेबलाला टेकवला की झालं. घरी एक अडचण येते: साध्या विणीच्या पट्टीच्या उभ्या कडा मागे वळतात आणि वळलेली पट्टी पन्हळीच्या पत्र्यासारखी ताठ होते. म्हणून पट्टी रुंद घ्या, धुऊन टाचण्यांनी सपाट वाळवा आणि तरीही वळली तर तो आकडा सोडून द्या.

एकाच लोकरीची माझी १० नंबरची पट्टी सहा सेंटिमीटर बाहेर आल्यावर त्या रेघेला टेकली, ६ नंबरची साडेचारलाच. फरक दीड सेंटिमीटरचा, पण ताठपणा या लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. दोन्हींचं वजन सारखं धरलं तरी पहिली जवळजवळ अडीचपट ताठ. (आपल्याकडे सुईचा नंबर वाढला की सुई बारीक होते, हे नव्याने शिकणाऱ्यांसाठी.) ताठ कापडात पंधरा सेंटिमीटर लूझिंग ठेवलं तर ते अंगापासून सुटून खोक्यासारखं उभं राहतं, मऊ कापडात तेवढ्याच जागेच्या चुण्या होऊन खाली पडतात.

दादाचं कापड मधलं होतं. मी शर्टावरच्या ९८ वर ८ धरले, १०६. ८ नंबरच्या सुयांवर दहा सेंटिमीटरला २० टाके, म्हणजे २१२. इथे पुन्हा फसले असते, पण नमुना धुतला आणि २० चे १९ झाले. २१२ टाक्यांचा घेर १११ च्या पुढे जाऊन आठाचं लूझिंग साडेतेरा झालं असतं. दहा सेंटिमीटरला एक टाका इकडेतिकडे झाला तरी सगळ्या घेराला एवढा फरक पडतो. शेवटी २०२ टाके घातले. खांदे मात्र अंगाच्या मापाचेच ठेवले, कारण लूझिंग छातीला असतं. खांद्याला दिलं तर बाही मनगटाच्या खाली लोंबते.

बाळ जन्मायच्या आधी त्याचं काही विणू नये, असं अजूनही कितीतरी घरांत बजावतात. अपशकुनाबिपशकुनाला काही अर्थ नाही. मला पटणारी एकच अडचण, ती म्हणजे माप मिळत नाही. आणि त्यावरही अधिक लूझिंग हा उपाय आहेच.

आता वहिनींना स्वतःला सुती स्वेटर हवाय, गुडघ्यापर्यंत. "मला चार बोटं जास्त घाला हं." सुतात तोच टाका उलटा वागतो. लांब, जड कापड स्वतःच्या वजनाने खाली ओढलं जातं, टाका उंच होतो आणि त्यासाठी रुंदी देतो, म्हणजे आपण ठेवलेलं लूझिंगच खातो. त्यांचा धुतलेला नमुना टेबलावर दहा सेंटिमीटरला २२ टाके, ३० ओळी दाखवत होता. खालच्या कडेला ओळीने कपड्यांचे चिमटे लावून रात्रभर दोरीवर टांगला, सकाळी लटकता असतानाच मोजला: २३ टाके, २८ ओळी. त्यांचा घेर १०० धरलाय, म्हणजे टाके २२० नव्हे, २३०. लांबी ९० हवी, तर ओळी २७० नव्हेत, २५२. नमुना अजून तसाच लटकतोय. आज संध्याकाळी पुन्हा मोजणार आहे, २८ च्या २७ झाल्या तर हिशेब परत मांडावा लागेल.