ठोकळा अर्धगोलावरून नेमका कुठे सुटतो?

जमिनीला पक्का बसवलेला, 1 मीटर त्रिज्येचा, अगदी गुळगुळीत अर्धगोल. त्याच्या माथ्यावर एक छोटा ठोकळा ठेवला आणि त्याला नाममात्र धक्का दिला. तो घसरू लागतो, वेग घेतो. तो पृष्ठभागाला चिकटून थेट जमिनीपर्यंत येईल का? नाही, वाटेतच तो हवेत सुटतो.

असं का होतं हे समजायला एकच गोष्ट लक्षात घ्यावी लागते: पृष्ठभाग ठोकळ्याला बाहेर ढकलू शकतो, आत ओढू शकत नाही. पण वक्र वाटेवरून जायचं तर केंद्राच्या दिशेने बल लागतं, आणि वेग वाढेल तसं ते वर्गाच्या पटीत वाढतं. इथे हे बल पुरवणारं गुरुत्वाकर्षण एकटंच, आणि त्याचा केंद्राकडचा वाटा उतार वाढत जाईल तसा घटतो. म्हणजे गरज वाढते आहे आणि पुरवठा आटतो आहे.

ठोकळा माथ्यापासून 30 अंश खाली आला की वजनाचा 87 टक्के भाग केंद्राकडे असतो, वळायला लागतो फक्त 27 टक्के. उरलेला 60 टक्के पृष्ठभागावर दाबला जातो. 40 अंशांवर हेच आकडे 77 आणि 47, म्हणजे दाब 30 टक्क्यांवर आला. दाब शून्य झाला, की साथ सुटली.

तो क्षण गणितानेही काढू. त्रिज्या R, माथ्यापासूनचा कोन θ. घर्षण नसल्याने गमावलेली स्थितिज ऊर्जा पूर्णपणे गतिज ऊर्जा होते:

v² = 2gR(1 − cos θ)

सुटताना वळायला लागणारं बल आणि गुरुत्वाकर्षणाचा केंद्राकडचा भाग समान असतात:

mv²/R = mg cos θ

पहिल्यातला v² दुसऱ्यात घातला की 2(1 − cos θ) = cos θ, म्हणून cos θ = 2/3. जमिनीपासूनची उंची R cos θ, म्हणजे 2R/3. कोन सुमारे 48.2 अंश. आपल्या अर्धगोलावर ठोकळा जमिनीपासून जवळपास 67 सेंटिमीटरवर सुटतो. वस्तुमान आणि g दोन्ही समीकरणातून गळून पडले, त्यामुळे चंद्रावरही तो इथेच सुटेल, फक्त सावकाश. मला या गणितातला हा भाग सर्वांत सुंदर वाटतो.

विद्यार्थी इथे हमखास अडतात ते एका सवयीमुळे. सपाट उतारावर पृष्ठभागाचं बल mg cos θ असतं, तेच ते इथेही लिहून टाकतात. मग ते 90 अंशांपर्यंत शून्य होतच नाही, आणि ठोकळा कधी सुटतच नाही असं उत्तर येतं. वक्र पृष्ठभागावर त्यातून mv²/R वजा करावंच लागतं.

अटी बदलल्या की उत्तरही बदलतं. थोडं घर्षण असेल तर वेग कमी राहतो आणि ठोकळा आणखी खाली जाऊन सुटतो. उलट, माथ्यावरच √(gR) इतका आडवा वेग दिला, इथे सुमारे 3.1 मीटर प्रति सेकंद, तर तो क्षणभरही न घसरता तिथूनच उडतो. नाममात्र धक्क्याने निघालेला मात्र सुटल्यावर परवलयाकार मार्गाने जातो आणि अर्धगोलाच्या कडेपासून साधारण 12 सेंटिमीटर लांब जमिनीवर पडतो.