बाळाला अंगावर पाजायचं का? औषधाचं माहितीपत्रक एक सांगतं, लॅक्टमेड दुसरं

सिकलसेलच्या बाईला हायड्रॉक्सियुरिया हे औषध चालू आहे आणि बाळ अंगावर पितंय. मग औषध बंद करायचं की पाजणं? गडचिरोली-चंद्रपूरकडच्या ग्रामीण रुग्णालयात हा प्रश्न कधी ना कधी फार्मसीच्या खिडकीपर्यंत येतो. इकडे आदिवासी आणि दलित वस्त्यांमध्ये सिकलसेल घरोघर माहीत आहे. पूर्वी हे औषध मोजक्याच लोकांना मिळायचं, आता तरुण बायकांनाही नियमित दिलं जातं. त्यांची बाळंतपणं होतात आणि मग डॉक्टर मॅडमचा फोन येतो, "भाऊ, जरा बघून सांगा ना. बाई दुपारच्या एसटीनं गावाला जाणार आहे."

हातात अर्धा तास असतो. या अर्ध्या तासात बहुतेक जण दोन जागी बघतात. एक म्हणजे कंपनीचं माहितीपत्रक, दुसरं म्हणजे लॅक्टमेड हा औषधं आणि स्तनपानावरचा माहितीसंग्रह. दोन्ही इंटरनेटवर फुकट मिळतात, दोन्ही अधिकृत दिसतात आणि दोन्हीत "स्तनपान" नावाचा मजकूर असतो. म्हणून दोन्ही सारखंच काम करतात असं वाटतं. तसं नाही, आणि यातला फरक कळला नाही तर बाईला चुकीचा सल्ला जातो.

आधी माहितीपत्रक घेऊ. सरकारी पुरवठ्यातल्या कॅप्सूलबरोबर ते बरेचदा नसतंच, म्हणून मी डेलीमेड या माहितीपत्रकांच्या संकेतस्थळावर अमेरिकेतलं मंजूर माहितीपत्रक उघडतो. स्तनपानाचा मजकूर तिथे `8.2 Lactation` या शीर्षकाखाली असतो. हायड्रॉक्सियुरिया दुधात उतरतं, बाळाला गंभीर अपाय होऊ शकतो, म्हणून उपचार चालू असताना पाजू नये, असा त्याचा आशय आहे. हे वाचून कोणीही फोन उचलेल आणि "पाजू नका" म्हणून मोकळा होईल.

पण माहितीपत्रक हा कंपनी आणि नियामक संस्था यांच्यात ठरलेला कायदेशीर दस्तऐवज आहे. औषध ज्या वापरासाठी मंजूर झालं त्याचा पुरावा त्यात असतो. पाजणाऱ्या आईत औषध किती सुरक्षित आहे हे तपासून दाखवण्यासाठी जुन्या औषधांच्या कंपन्या सहसा वेगळा अभ्यास करत नाहीत. मग पुरावा तोकडा असला की सावधगिरीचं वाक्य लिहिलं जातं आणि वर्षानुवर्षं तसंच राहतं. हायड्रॉक्सियुरियाच्या बाबतीत बराच काळ हाताशी होती ती मुख्यतः 1987 सालची एक नोंद. रक्ताच्या कर्करोगाची एकच बाई, 500 मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, आणि तिच्या दुधात मोजलेलं औषध. "दुधात उतरतं" हे त्यातून खरंच सिद्ध होतं. बाळाच्या पोटात किती जातं आणि त्यानं काय होतं, याचं उत्तर मात्र एका बाईच्या नोंदीतून मिळत नाही.

लॅक्टमेडचं काम नेमकं इथे सुरू होतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचा हा माहितीसंग्रह 2006 पासून आहे. एकेका औषधावर स्तनपानाबद्दल जे काही छापून आलं ते गोळा करून तज्ज्ञांकडून तपासून ठेवलेलं असतं. पानाची रचना ठरलेली आहे. वर सारांश, त्याखाली `Drug Levels` म्हणजे आईच्या दुधात आणि बाळाच्या रक्तात मोजलेली पातळी, मग `Effects in Breastfed Infants` म्हणजे बाळांवर दिसलेले परिणाम, आणि शेवटी मूळ लेखांची यादी. रेंज कमी असलेल्या गावातही हे पान उघडतं, कारण त्यात अक्षरं सोडून फारसं काही नसतं.

इथे शोधताना दोन चुका नेहमी होतात. पहिली ब्रँडच्या नावाची. भारतीय ब्रँड टाकला तर काही सापडत नाही आणि "माहिती नाही" असा समज होतो. आधी स्ट्रिपवरचं मूळ नाव वाचायचं आणि याच औषधाला हायड्रॉक्सिकार्बामाइड असंही म्हणतात हे लक्षात ठेवायचं. दुसरी चूक जास्त धोक्याची आहे. शोधपेटीत `hydroxy` एवढं टाइप केलं की हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, हायड्रॉक्सिझिन अशी नावं खाली येतात आणि घाईत चुकीच्या नावावर बोट पडतं. पान उघडल्यावर मथळा पुन्हा वाचायचा आणि `Last Revision` ची तारीख बघायची. तारीख जुनी असेल तर मूळ लेख स्वतः शोधावे लागतात.

शोधताना मी पबमेड या वैद्यकीय लेखांच्या शोधसंग्रहात हे टाकतो:

```
(hydroxyurea OR hydroxycarbamide) AND (lactation OR "breast feeding" OR "milk, human")
```

यातून 2020 चा एक अभ्यास हाती लागतो. पाजणाऱ्या 16 बायकांना 1000 मिलिग्रॅमचा एक डोस देऊन दुधातली पातळी ठरावीक वेळांनी मोजली. बाळाला मिळणारा सापेक्ष डोस सरासरी 3.4 टक्के आला. म्हणजे आई स्वतःच्या वजनाच्या दर किलोमागे जेवढं औषध घेते, त्याच्या 3.4 टक्के औषध बाळाच्या दर किलोमागे दुधातून जातं. हा हिशोब करताना बाळ दिवसाला दर किलोमागे 150 मिली दूध पितं असं धरतात. साधारणपणे 10 टक्क्यांच्या खालचा आकडा चालण्याजोगा मानतात, कडक धोरण ठेवायचं तर 5 टक्के.

हा टक्का डॉक्टरांना नुसता सांगून भागत नाही. आपल्या बाईचा हिशोब मांडून दिला की तो कळतो. वजन 50 किलो, रोज 500 च्या दोन कॅप्सूल, म्हणजे दर किलोमागे 20 मिलिग्रॅम. त्याचे 3.4 टक्के म्हणजे बाळाच्या दर किलोमागे 0.68 मिलिग्रॅम. बाळ 4 किलोचं असेल तर दिवसाला पावणेतीन मिलिग्रॅमच्या आत. याच्या शेजारी आणखी एक आकडा ठेवायचा. सिकलसेल असलेल्या 9 ते 18 महिन्यांच्या बाळांवर बेबी हग नावाचा मोठा अभ्यास झाला, त्यात हेच औषध बाळांना थेट दर किलोमागे 20 मिलिग्रॅम दिलं होतं. दुधातून जाणारं औषध त्याच्या जवळपास तिसाव्या हिश्शाएवढं आहे.

आता "मग बिनधास्त पाजा" म्हणायचं का? नाही. 2020 चा अभ्यास एकाच डोसवरचा आहे. रोज औषध घेणाऱ्या आईचं दूध महिनोन्महिने पिणाऱ्या बाळांच्या रक्तपेशींचं काय होतं, हे त्यातून कळत नाही. बेबी हगमधली बाळं 9 महिन्यांच्या पुढची होती, दहा दिवसांची नव्हती. हे औषध बऱ्याच अंशी मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं आणि कमी दिवसांच्या किंवा नवजात बाळाचं मूत्रपिंड अजून कच्चं असतं. म्हणून मॅडमच्या फोनवर शोध सुरू करण्याआधीच मी हे विचारतो: बाळ किती दिवसांचं, पूर्ण दिवसांचं का, वजन किती, त्याची सिकलची तपासणी झाली का, आणि आईचा डोस किती. पहिल्या मिनिटात हे विचारलं नाही तर पुढचा सगळा शोध भलत्याच बाळासाठी होतो. अभ्यासाचा नुसता गोषवारा वाचून उत्तर देण्यातही हाच धोका आहे. टक्का गोषवाऱ्यात ठळक दिसतो, पण तो कोणावर लागू होतो हे पूर्ण लेख वाचल्याशिवाय कळत नाही.

याचा अर्थ लॅक्टमेड शहाणं आणि माहितीपत्रक वेडं असा मात्र काढू नये. मॅडमनी विचारलं असतं, "या बाईचं क्रिएटिनिन वाढलंय, डोस किती देऊ?", तर लॅक्टमेड काहीच कामाचं नव्हतं. माहितीपत्रकात सरळ लिहिलंय की क्रिएटिनिन क्लिअरन्स 60 मिलीच्या खाली असेल तर सुरुवातीचा डोस निम्मा करावा. रक्तपेशी किती खाली गेल्या की औषध थांबवायचं, कॅप्सूल हाताळताना काय काळजी घ्यायची, हेही तिथेच मिळतं. डोस आणि देखरेखीचे आकडे कंपनीनं अभ्यास करून नियामकापुढे ठेवलेले असतात, तिथे माहितीपत्रकाचा शब्द वजनदार. स्तनपानाबद्दल कंपनीकडे स्वतःचा अभ्यास नसतो, तिथे तो फक्त सावधगिरीचा.

हे लक्षात ठेवायचं कारण म्हणजे "पाजू नका" हा सल्लासुद्धा फुकट नसतो. डब्याचं दूध महाग, पाणी हातपंपाचं, बाटली उकळायला चुलीजवळ वेळ काढायचा, आणि जुलाब झाले की दवाखाना वीस किलोमीटरवर. किंवा बाई बाळासाठी गुपचूप कॅप्सूल बंद करते आणि पुढच्या महिन्यात हाडं फुटल्यासारख्या दुखण्यानं भरती होते. डॉक्टरांना दोन्ही बाजूंचं वजन करायचं असतं, म्हणून त्यांना आकडे हवेत, नुसतं वाक्य नको.

मॅडमना उत्तर देताना आधी एका ओळीत मुद्दा सांगतो, मग पुरावा. या बाईसाठी ते असं गेलं: "माहितीपत्रक स्तनपान नको म्हणतं. नंतरच्या अभ्यासात बाळाला जाणारा डोस दर किलोमागे आईच्या डोसच्या साधारण 3.4 टक्के निघाला, पण तो एकाच डोसवरचा अभ्यास आहे. बाळ पूर्ण दिवसांचं, दीड महिन्याचं, वजन वाढतंय. पाजणं चालू ठेवायचं ठरवलं तर डोसनंतरचे पहिले काही तास दुधात औषध सर्वांत जास्त असतं, म्हणून रात्री बाळाला पाजून झाल्यावर कॅप्सूल घ्यायला सांगता येईल आणि पुढचं पाजणं जमेल तितकं लांबवता येईल. बाळाची रक्तपेशींची तपासणी ठेवावी लागेल. बाळ कमी दिवसांचं असतं तर मी हे म्हटलं नसतं." फोनवर बोलून झालं की हेच दोन्ही स्रोतांची नावं आणि पान बघितल्याची तारीख घालून व्हॉट्सॲपवर लिहून पाठवतो. फोनवर "शून्य पूर्णांक सहा आठ" चं "सहा आठ" व्हायला वेळ लागत नाही.

निर्णय मॅडमचा. त्यांनी नागपूरच्या रक्तविकार तज्ज्ञांना फोन लावला, माझा मजकूर वाचून दाखवला आणि पाजणं चालू ठेवायचं ठरलं. आशाताईंना बाळाच्या तपासणीची तारीख दिली. माझ्या वहीत प्रश्न, उत्तर, स्रोत आणि तारीख एका पानावर आहे. पुढच्या वेळी हाच प्रश्न आला की तेच उत्तर उचलून देत नाही, आधी लॅक्टमेडचं `Last Revision` बदललं का ते बघतो.