डुलकी (वाहन चालवताना)

गाडी चालवताना जागेपणा टिकवण्याची क्षमता घसरत जाते आणि चालकाला कळायच्या आत तो काही क्षण झोपेत जातो, त्या अवस्थेला डुलकी म्हणतात. बोलीत पेंग, झापड, गुंगी असेही शब्द आहेत. त्यांत ‘डोळा लागला’ हा प्रयोग सर्वांत अचूक, कारण डोळा आपण लावत नाही, तो लागतो. या डुलकीच्या सर्वांत छोट्या रूपाला मायक्रोस्लीप किंवा सूक्ष्मनिद्रा म्हणतात.

सूक्ष्मनिद्रा सेकंदभरापासून साधारण पंधरा सेकंदांपर्यंत टिकते. तेवढ्या वेळात मेंदूच्या विद्युतलहरी जागेपणाच्या लयीतून हलक्या झोपेच्या संथ लयीत जातात. बहुतेकदा पापण्या मिटतात किंवा अर्धवट उतरतात. कधी डोळे उघडेच असतात, पण समोरच्या दिव्यांचा अर्थ लागत नाही. ताशी ८० किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर कापते, म्हणजे चार सेकंदांची डुलकी जवळपास ९० मीटर गाडी कोणाच्याही हाती नसल्यासारखी सोडते. जागे झाल्यावर अनेकांना आपण झोपलो होतो हे पटत नाही. शेजारी बसलेला ‘अरे, झोपलास काय?’ असे ओरडतो, तेव्हा ‘नाही, जागाच आहे’ हे उत्तर प्रामाणिक असते, आणि म्हणूनच त्यावर विसंबता येत नाही.

झोप दोन बाजूंनी येते. जागेपणाचे तास वाढतात तसा मेंदूत अॅडेनोसिन नावाचा पदार्थ साचत जातो आणि झोपेचा दाब वाढतो. दुसरीकडे शरीराचे घड्याळ आहे. त्याचा सर्वांत खोल उतार साधारण पहाटे दोन ते सहा या वेळात येतो आणि छोटा उतार दुपारी दोन ते चारमध्ये. दुपारच्या झोपेवरून पुणेकरांची कितीही थट्टा होवो, त्या उताराला शरीरशास्त्राचा आधार आहे. पहाटे मात्र दाब आणि उतार एकत्र येतात. ऑफिस उरकून, जेवून, ‘रात्री रस्ता मोकळा मिळतो’ म्हणून मध्यरात्रीनंतर सोलापूर, कोल्हापूर किंवा नगरच्या दिशेने निघणारा माणूस नेमका त्याच वेळी महामार्गावर असतो. सरळ, रुंद, रिकामा रस्ता ही झोप निर्माण करत नाही, पण तिला अडवायलाही काही ठेवत नाही. घाटात वळणे माणसाला कामात ठेवतात, म्हणून घाट उतरून सपाटीला लागल्यावर झापड जास्त जाणवते.

पूर्वसूचनांमध्ये जांभई सर्वांना ठाऊक असते, पण ती लवकर येते आणि तिची सवय होते. त्याहून बोलके लक्षण म्हणजे मधल्या रस्त्याची आठवण नसणे. टोलनाका कधी मागे पडला ते आठवत नाही, वळायचा फाटा सुटतो. गाडी हळूहळू साईडपट्टीकडे सरकते आणि एकदम झटक्याने परत आणावी लागते. वेग कारण नसताना कमीजास्त होतो, पुढच्या ट्रकचे मागचे दिवे उशिरा ‘दिसतात’. डोळे चुरचुरतात, पापणी मिटली की उघडायला वेळ लागतो, मान खाली जाऊन झटक्याने वर येते. मान पडू लागणे ही पूर्वसूचना नव्हे. तोवर डुलकी लागून गेलेली असते. आपल्याला झोप येते आहे हे चालकाला सहसा कळते, चुकतो तो वेळेचा अंदाज: ‘अजून वीस किलोमीटर ओढतो’ म्हणताना पुढच्या मिनिटात काय होईल हे त्याला सांगता येत नाही.

काच उघडणे, गाणी मोठ्याने लावणे, तोंडावर पाणी मारणे या उपायांनी फार तर काही मिनिटे तरतरी येते. कॉफीचे प्रकरण वेगळे आहे, कारण ती खरोखर काम करते. कॅफिन मेंदूतल्या अॅडेनोसिनच्या जागा अडवून बसते, त्यामुळे झोपेचा निरोप पोहोचत नाही. पण अॅडेनोसिन कमी होत नाही, साचतच राहतो. कॅफिन ही झोप नव्हे, उधारी आहे. शिवाय तिचा परिणाम जाणवू लागायला साधारण अर्धा तास लागतो.

हिशेब मांडून पाहू. हडपसरचा एक चालक सकाळी साडेसहाला उठला, दिवसभर काम केले आणि रात्री एकला सोलापूरकडे निघाला. पावणेतीनला भिगवणच्या आसपास त्याला पेंग येऊ लागली, म्हणून ढाब्यावर कॉफी घेऊन तीनला तो परत गाडीत बसला. तेव्हा त्याला उठून साडेवीस तास झाले होते. ऑस्ट्रेलियातील डॉसन आणि रीड यांनी १९९७ मध्ये दाखवले, की सलग १७ तास जागल्यावर हात-डोळ्यांचा समन्वय रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्याइतका बिघडतो. भारतातली कायदेशीर मर्यादा ०.०३ टक्के आहे. या चालकाचे १७ तास रात्री साडेअकरालाच, घर सोडण्याआधी, भरले होते. कॉफीचा असर सुरू होईल साडेतीनच्या सुमारास, आणि तोवर तो इंदापूरजवळ पोहोचलेला असेल. म्हणजे भिगवण ते इंदापूर हा तीसएक किलोमीटरचा, पेंग सुरू झाल्यानंतरचा टप्पा त्याने कॉफीच्या भरवशावर, पण कॉफीविनाच कापला.

मात्रेचाही प्रश्न आहे. प्रयोगांत सहसा १५० ते २०० मिलिग्रॅम कॅफिन देतात. ढाब्यावरच्या झटपट कॉफीच्या कपात, भुकटी किती सढळ हाताने टाकली त्यावर, साधारण ५० ते ६० मिलिग्रॅम असते. अमृततुल्यच्या छोट्या कपातल्या चहात त्याहून बरेच कमी. त्या चहाने येणारी तरतरी बरीचशी गाडीतून उतरून चार पावले चालल्याची असते. रोज चार-पाच कप घेणाऱ्याला तेवढ्याच मात्रेचा परिणामही कमी जाणवतो.

ब्रिटनमधील लफबरो विद्यापीठात हॉर्न आणि रेनर यांनी सिम्युलेटरवर चालकांना बसवून हे तपासले. रात्री पाच तास झोपलेल्यांना २०० मिलिग्रॅम कॅफिन साधारण दोन तास उपयोगी पडले. अजिबात न झोपलेल्यांना तेच जेमतेम अर्धा तास पुरले. कॉफी आणि सुमारे १५ मिनिटांची झोप एकत्र घेणे मात्र उपयोगी ठरले. त्यात क्रम महत्त्वाचा असतो: आधी कॉफी पटकन प्यायची, मग लगेच सीट मागे करून डोळे मिटायचे. कॅफिन चढेपर्यंतचा वेळ झोपेत जातो आणि त्या झोपेने दाबही थोडा उतरतो. गाढ झोप लागली नाही तरी चालते. झोप अर्ध्या तासापलीकडे गेली तर मात्र माणूस गाढ झोपेतून जड डोक्याने उठतो आणि पुढची पंधरा-वीस मिनिटे स्टिअरिंगला हात न लावलेला बरा. जागा मात्र पेट्रोल पंपाची किंवा फूड मॉलची असावी. महामार्गाच्या कडेला दिवे बंद करून उभी केलेली गाडी दुसऱ्या पेंगुळलेल्या चालकाच्या वाटेत येते. वरच्या उदाहरणातल्या चालकाला हा उपायही सोलापूरपर्यंत पुरणार नाही. त्याला भिगवणलाच मुक्काम करणे किंवा गाडी दुसऱ्याच्या हाती देणे एवढेच पर्याय उरतात. जो पुरेसा झोपूनही दिवसा पेंगतो आणि घोरतो, त्याला झोपेत श्वास अडण्याचा विकार, म्हणजे निद्राश्वसनरोध, असू शकतो, आणि तो कॉफीने हलत नाही.

२०२५ पर्यंत लागू असलेल्या मोटार परिवहन कामगार कायदा, १९६१ नुसार व्यावसायिक चालकाचे काम दिवसाला आठ तास असे आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती द्यावी लागे. मात्र खासगी गाडीच्या मालकाने किती तास जागून स्टिअरिंग धरावे याला असे बंधन नाही. दारू श्वासातून मोजता येते, तसे नाक्यावर झोप मोजणारे यंत्र नाही. अपघातानंतर तपासणारे पाहतात ते एवढेच: चालक एकटा होता का, वेळ पहाटेची होती का, गाडी सरळ रेषेत रस्ता सोडून गेली का, आणि डांबरावर ब्रेकच्या खुणा आहेत का. या शेवटच्या पुराव्याचाही भरवसा आता कमी झाला आहे, कारण चाके जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा असलेल्या गाडीत जोरात ब्रेक दाबला तरी खुणा पुसटच उमटतात.