सलग बँक सुट्ट्यांतलं पेमेंट: पुरवठादारांना द्यायची सूचना नव्याने कशी लिहावी

बहुतेक कंपन्यांच्या अकाउंट्स विभागात एक जुनी सूचना पडलेली असते. सुट्ट्या आल्या की तारीख बदलायची आणि सगळ्या पुरवठादारांना पाठवून द्यायची. मजकूर साधारण असा:

> सर्व पुरवठादारांना कळविण्यात येते की, बँकांना सुट्टी असल्याने पेमेंट प्रक्रियेस विलंब होण्याची शक्यता आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.

ही वाचून पुरवठादाराला काहीच कळत नाही. आपलं बिल या घोळात आहे की नाही, पैसे सुट्टीआधी येणार की नंतर, नंतर म्हणजे कधी, एकाही प्रश्नाला उत्तर नाही. मग फोन सुरू होतात. त्यात दिलेलं कारणही आता अर्धंच खरं आहे. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून वर्षाचे सगळे दिवस, चोवीस तास चालतं. रविवारी संध्याकाळी स्वतः कुणाला तरी पैसे पाठवणाऱ्या माणसाला ‘बँक बंद होती’ हे कारण पटत नाही.

खरी अडचण दोन ठिकाणी असते. एक, आपलंच ऑफिस. कंपनीच्या नेट बँकिंगमध्ये एकजण पेमेंट टाकतो आणि दुसरा ते मंजूर करतो. मंजूर करणारे साहेब गावी गेले की फाइल तिथेच अडकते. दोन, चेक. क्लिअरिंग बँकेच्या कामाच्या दिवशीच होतं. ४ ऑक्टोबर २०२५ पासून ते ठरलेल्या वेळेत सतत चालतं आणि समोरच्या बँकेला संध्याकाळी ७ पर्यंत उत्तर द्यावं लागतं. त्यामुळे वेळेत भरलेला चेक बहुधा त्याच दिवशी सुटतो, पण सुट्टीच्या दिवशी त्याला कुणी हात लावत नाही. सूचनेत या दोन गोष्टी वेगळ्या करून लिहाव्या लागतात.

जानेवारी २०२६ चं उदाहरण घेऊ. २४ तारखेला चौथा शनिवार, २५ ला रविवार, २६ ला प्रजासत्ताक दिन. त्यात २७ तारखेला बँक कर्मचारी संघटनांनी पाच दिवसांच्या आठवड्यासाठी संपाची हाक दिली होती. म्हणजे चेकच्या दृष्टीने सलग चार दिवस गेले असं धरूनच चालायला हवं. संपाचं शेवटच्या क्षणापर्यंत काही सांगता येत नाही. म्हणून सूचनेत सावध तारीख द्यावी. संप मागे घेतला गेला तर पैसे लवकर मिळाल्याची तक्रार कुणी करत नाही.

समजा, चाकणचा एक कारखाना दर महिन्याच्या १० आणि २५ तारखेला पेमेंट करतो आणि २४ ते २६ बंद आहे. २५ तारीख रविवारी आली. आता ठरवायचं एकच: हे पेमेंट अलीकडे घ्यायचं की पलीकडे ढकलायचं. सोय पलीकडे ढकलण्यात असते, पण आधी थकीत बिलांची यादी काढून एक रकाना तपासा: पुरवठादार उद्यम नोंदणी असलेला सूक्ष्म किंवा लघु उत्पादक अथवा सेवा देणारा आहे का?

असेल तर २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या पुढे जाता येत नाही. लेखी करार नसेल तर मुदत १५ दिवसांचीच. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. सुट्टी आली म्हणून हे घड्याळ थांबेल या भरवशावर राहू नये. आपल्या उदाहरणात एका लघु उद्योजकाचा माल १२ डिसेंबरला स्वीकारला होता. ४५ दिवस मोजले तर मुदत भरते २६ जानेवारीला, म्हणजे ऐन प्रजासत्ताक दिनी. या बिलाचे पैसे शुक्रवारी, २३ तारखेलाच गेले पाहिजेत. ते पास झालं नसेल तर ज्याच्या टेबलावर अडलंय त्याच्याकडे स्वतः जाऊन बसावं, हे माझं मत. (निव्वळ व्यापारी म्हणून उद्यम नोंदणी घेतलेल्यांना या तरतुदीचा फायदा मिळत नाही, पण त्यांनाही तारीख कळायला हवीच.)

मग शेवटची तारीख ठरवायची. २३ ला पैसे सोडायचे तर बिल तपासणं, टीडीएस लावणं, यादीवर सही घेणं यासाठी दोन दिवस हातात हवेत. म्हणून २० तारखेला संध्याकाळी ५ पर्यंत पूर्ण कागदांसह आलेलं बिल पात्र. पूर्ण कागद म्हणजे पर्चेस ऑर्डर नंबर असलेलं टॅक्स इनव्हॉइस, गेटवर शिक्का मारलेलं डिलिव्हरी चलन आणि आपल्या स्टोअरने काढलेली जीआरएन. जीआरएन पुरवठादाराच्या हातात नसते, ती आपण काढतो. त्यामुळे स्टोअर मागे पडलं म्हणून बिल अपात्र ठरवणं अन्याय आहे. तसं झालं तर आपणच पुरवठादाराला कळवू, असं सूचनेत लिहावं.

खातं बदललं असेल तर कॅन्सल्ड चेक आणि लेटरहेडवर सहीचं पत्र हवं, तेही किमान आठवडाभर आधी. चुकीच्या खात्यावर पाठवलेलं एनईएफटी परत येतं, आणि ते शनिवारी परत आलं तर आपल्याकडे बघायला कुणी नसतं. २७ पर्यंत पुरवठादार समजतो पैसे निघालेत आणि आपण समजतो पोचलेत. मेलवर आलेला खाते बदलाचा निरोप मात्र जुन्याच नंबरवर फोन करून खात्री केल्याशिवाय घेऊ नये. सुट्टीआधीची घाई फसवणाऱ्यांना फार सोयीची असते.

हे सगळं ठरलं की सूचना आपोआप लिहून होते:

> विषय: २४ ते २७ जानेवारी २०२६ या काळातील पेमेंट
>
> आमचे कार्यालय २४ ते २६ जानेवारी बंद राहील. २५ जानेवारीचे पेमेंट शुक्रवार, २३ जानेवारी रोजी एनईएफटी/आरटीजीएसने केले जाईल.
>
> पूर्ण कागदपत्रांसह २० जानेवारी सायंकाळी ५ पर्यंत मिळालेली व २५ जानेवारीपर्यंत देय असलेली बिले यात येतील. त्यानंतर मिळालेल्या बिलांपैकी ३० जानेवारीपर्यंत देय असलेल्यांचे पेमेंट ३० जानेवारी रोजी होईल. सूक्ष्म व लघु उद्योगांची ज्या बिलांची मुदत २४ ते ३० जानेवारीदरम्यान संपते, ती २३ जानेवारीलाच दिली जातील.
>
> चेकने पेमेंट घेणाऱ्यांनी चेक २२ जानेवारीपर्यंत न्यावा. २३ रोजी दुपारनंतर भरलेला चेक २८ जानेवारीपूर्वी वटणार नाही, असे गृहीत धरावे.
>
> आपले बिल २३ च्या यादीत आहे का, हे २२ जानेवारी दुपारी ३ पर्यंत अकाउंट्स विभागात विचारता येईल. पैसे गेल्यावर यूटीआर नंबर त्याच दिवशी मेलने पाठवू.

मसुदा पाठवण्याआधी पेमेंट टाकणाऱ्या आणि मंजूर करणाऱ्या दोघांनाही दाखवा आणि २३ तारखेला कोण हजर आहे ते लिहून घ्या. दोघांपैकी एकजण जरी रजेवर असेल तर पैसे २२ लाच सोडावे लागतील आणि वरच्या सगळ्या तारखा एक दिवस मागे येतील. सूचना किमान दहा दिवस आधी, म्हणजे १३ जानेवारीच्या आसपास निघाली तर २० तारखेच्या मुदतीला अर्थ राहतो. १९ ला पाठवलेल्या सूचनेवर गावाकडचा जॉबवर्कवाला चलन गोळा करून आणणार तरी कधी?

२७ ला सकाळी ऑफिस उघडल्यावर आधी बँकेचं स्टेटमेंट काढा आणि परत आलेल्या एंट्र्या शोधा. एनईएफटीला संपाची अडचण नसते, त्यामुळे त्या त्याच दिवशी दुरुस्त करून पुन्हा पाठवता येतात. त्या पुरवठादारांना मेल न करता फोनच करावा, कारण २३ चा यूटीआर हातात धरून ते तीन दिवस खातं तपासत बसलेले असतात.