धुलाईच्या चिन्हांवरून कपड्याचा बाजार कसा ओळखावा

रत्नागिरी-मालवणच्या बाजारांत निर्यातीतून उरलेले कपडे विकायला येतात, आणि बोटीवर नोकरी करणारे घरचे लोकही परदेशी बंदरांतून शर्ट, जॅकेटे घेऊन येतात. अशा कपड्याच्या आतल्या शिवणीत धुलाईच्या चिन्हांची पट्टी असते. ‘मेड इन’ ही ओळ कपडा कोठे तयार झाला एवढेच सांगते. तो कोणत्या देशात विकण्यासाठी होता, याचा अंदाज मात्र चिन्हांवरून बांधता येतो.

प्रथम पाण्याच्या टबाचे चिन्ह पाहावे. त्यात ३० किंवा ४० असा आकडा असेल, तर ते पाण्याचे कमाल तापमान अंश सेल्सिअसमध्ये असून पट्टी बहुधा युरोपात रुळलेल्या आयएसओ ३७५८ या मानकाच्या वळणाची असते. आकड्याऐवजी ठिपके असतील, तर ती एएसटीएम डी ५४८९ या अमेरिकी मानकाची खूण होय: एक ठिपका म्हणजे ३० अंश, दोन म्हणजे ४०, तीन म्हणजे ५०. येथे एक फसगत संभवते. इस्त्रीच्या चिन्हात दोन्ही पद्धतींत ठिपकेच असतात, म्हणून केवळ ठिपके दिसले यावरून निष्कर्ष काढू नये. ते टबात आहेत का, हे पाहावे.

दुसरा पुरावा वाळवण्याच्या चौकोनात मिळतो, आणि माझ्या मते तो अधिक बोलका आहे. समजा, एका शर्टाच्या टबात दोन ठिपके आहेत आणि चौकोनाच्या वरच्या कडेखाली सैल दोरीसारखी झुकलेली रेघ आहे. ही रेघ म्हणजे अमेरिकी पद्धतीतील ‘दोरीवर वाळत घाला’ अशी सूचना. आयएसओमध्ये तिच्या जागी एकच उभी रेघ येते. न पिळता, पाणी निथळत ठेवून वाळवण्यासाठी अमेरिकी चौकोनात तीन उभ्या रेघा असतात, तर आयएसओच्या चौकोनात दोन. पावसाळ्यात पडवीतच कपडे वाळवावे लागणाऱ्या कोकणात न पिळलेला कपडा लवकर वाळत नाही, त्यामुळे या रेघा नीट मोजलेल्या बऱ्या. आपल्या शर्टापुरते पाहिले, तर टब आणि चौकोन या दोन्ही खुणा अमेरिकेकडेच बोट दाखवतात.

चौकोनाऐवजी सदऱ्याची आकृती, पिळलेल्या कपड्याचे चित्र आणि जपानी अक्षरे दिसली, तर ती जपानची जुनी पद्धत. जपानने डिसेंबर २०१६ पासून आयएसओशी मिळतीजुळती चिन्हे स्वीकारली, त्यामुळे अशी पट्टी देशाबरोबर कपड्याचा काळही सुचवते.

याच कारणाने टबातील आकड्यावरून थेट ‘युरोप’ म्हणता येत नाही. जपानची नवी आणि चीनची चिन्हेही आयएसओच्याच धर्तीवर आहेत. तेथे पट्टीवरील मजकुराची भाषा पाहावी लागते. काही कंपन्या तर अनेक देशांसाठी एकच पट्टी छापतात आणि टबाच्या दोन्ही खुणा शेजारी शेजारी देतात. अशा पट्टीवरून एकाच देशाचे नाव सांगता येत नाही.