सायकलवरील चढण : बसून व उभ्याने

चढावर सायकल चालवताना सीटवर बसून पेडल मारणे आणि सीट सोडून पेडलवर उभे राहून पेडल मारणे अशा दोन पद्धती आहेत. दोन्हींत चढाविरुद्ध करावे लागणारे काम तेच असते. स्वार व सायकल यांचे एकत्रित वजन विशिष्ट उंचीवर न्यायचे असते आणि तेवढी ऊर्जा स्नायूंनाच द्यावी लागते. बदलते ते इतकेच, की ती ऊर्जा पेडलपर्यंत कोणत्या स्नायूंमार्फत पोचते आणि त्यात शरीराचे वजन उपयोगी पडते की सीटवर नुसते टेकून राहते.

चढावर पायाला किती जोर लावावा लागतो हे चढाची तीव्रता आणि गिअर यांवर ठरते. उदाहरणादाखल ७० किलोग्रॅम वजनाचा स्वार, ९ किलोग्रॅमची रस्त्यावरची सायकल, पुढे ३४ दात्यांचे व मागे २८ दात्यांचे चक्र आणि १७० मिलिमीटरचा क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, घेतला, तर पेडलच्या एका पूर्ण फेऱ्यात सायकल सुमारे २.६ मीटर पुढे जाते. आठ टक्क्यांच्या चढावर, म्हणजे शंभर मीटर अंतरात आठ मीटर उंची गाठणाऱ्या रस्त्यावर, रस्त्याचा व हवेचा विरोध धरून या स्वाराला पेडलवर सरासरी सुमारे १७ किलोग्रॅम-भाराइतका जोर द्यावा लागतो. परंतु जोर संपूर्ण फेऱ्यात सारखा नसतो. क्रँक आडवा असताना तो सर्वाधिक असतो आणि पेडल अगदी वर किंवा अगदी खाली असताना जवळजवळ नाहीसा होतो, त्यामुळे शिखराचा जोर सरासरीच्या साधारण दुप्पट धरावा लागतो. या हिशेबाने आठ टक्क्यांवर शिखराचा जोर सुमारे ३४, बारा टक्क्यांवर ४८ आणि अठरा टक्क्यांवर ७० किलोग्रॅम-भार होतो. शेवटचा आकडा स्वाराच्या स्वतःच्या वजनाइतका आहे, आणि बसून चढण्याची मर्यादा नेमकी तिथेच येते.

याचे कारण असे की, पाय पेडलला जेवढ्या जोराने खाली ढकलतो तेवढ्याच जोराने पेडल शरीराला वर ढकलते. बसलेल्या स्वाराचे बरेचसे वजन सीट पेलत असते आणि पायाचा जोर वाढेल तसा सीटवरचा भार कमी होत जातो. जोर शरीराच्या वजनाच्या आसपास पोचला, की कंबर सीटवरून आपोआप उचलली जाऊ लागते. तिला खाली धरून ठेवायचे असेल, तर हातांनी हँडल आपल्याकडे ओढावे लागते. त्यामुळे फार तीव्र चढावर बसून राहणारा स्वारही प्रत्यक्षात हातांनी चढत असतो, मात्र ते त्याच्या लक्षात येतेच असे नाही.

उभे राहिल्यावर सीटवरचा भार शून्य होतो आणि संपूर्ण वजन आळीपाळीने दोन्ही पेडलांवर येते. यावरून ‘उभे राहिल्यावर वजन फुकट काम करते’ असा समज सायकलस्वारांत बराच रूढ आहे. तो अर्धाच खरा आहे. पेडल वरून खाली येताना ३४ सेंटिमीटर उतरते. या वेळी स्वाराने पाय ताठ ठेवून शरीर पेडलबरोबर खाली येऊ दिले, तर ते काम गुरुत्वाकर्षण करते हे खरे. परंतु पुढच्या पेडलवर चढण्यासाठी तेच शरीर पुन्हा तेवढेच वर उचलावे लागते आणि तो खर्च स्नायूंनाच करावा लागतो. उलट, स्वाराने शरीर जवळपास एकाच उंचीवर ठेवले, तर पेडल खाली जाईल तसा पाय लांब होत जातो, म्हणजे गुडघा व नितंबाचा सांधा भाराखाली उलगडत जातात, आणि मग काम सरळसरळ स्नायूंचेच असते. अनुभवी स्वार बहुतेक या दुसऱ्या प्रकाराने चढतात. त्यांचे डोके फारसे वरखाली होत नाही. वजनामुळे ऊर्जा मिळत नाही. वजनामुळे फक्त जोर लावायला एक पक्का आधार मिळतो आणि जोराची कमाल मर्यादा वाढते. हातांनी हँडल वर ओढले, तर ती शरीराच्या वजनापलीकडेही जाते.

गिअर नसलेल्या सायकलीवर हा फरक उघड दिसतो. पुढे ४४ व मागे १८ दाते असलेली जुन्या पद्धतीची जड सायकल एका फेऱ्यात सुमारे साडेपाच मीटर जाते. साठ किलोग्रॅमचा स्वार आणि वीस किलोग्रॅमची सायकल धरली, तर सहा टक्क्यांच्या चढावरच शिखराचा जोर साठ किलोग्रॅम-भाराजवळ पोचतो. म्हणून अशा सायकलीवरचा माणूस उड्डाणपुलाच्या चढावर सवयीने उभा राहतो. ती त्याची आवड नसते, गिअरची उणीव तो वजनाने भरून काढत असतो. याच सायकलीच्या कॅरिअरला दुधाच्या चाळीस किलोग्रॅमच्या किटल्या लावल्या, तर लागणारा जोर सुमारे दीडपट होतो, पण पेडलवर टाकता येणारे वजन साठच राहते, कारण कॅरिअरवरचे ओझे चढाचे काम वाढवते आणि पेडलला मात्र काहीच देत नाही. दूधवाला अशा चढावर उतरून सायकल ढकलतो, आणि ते हिशेबाने बरोबरच आहे.

स्नायूंच्या वापरात होणारा बदल पायाच्या आणि धडाच्या कोनांतून येतो. बसलेल्या स्थितीत नितंब मागे आणि धड पुढे झुकलेले असल्याने नितंबाचा सांधा बराच मिटलेला राहतो. खाली जाणाऱ्या फेऱ्याच्या पहिल्या अर्ध्या भागात नितंबाचे मोठे स्नायू आणि मांडीच्या पुढचे स्नायू मुख्य काम करतात. पुढे मांडीच्या मागचे स्नायू पेडलला मागे ओढायला मदत करतात. स्वार सीटवर थोडा मागे सरकला, तर नितंबांचा वाटा वाढतो, आणि पुढे सरकला, तर मांडीच्या पुढच्या स्नायूंवर व गुडघ्यावर भार वाढतो. लांब घाटात बरेच जण अशी अधूनमधून जागा बदलत राहतात.

उभे राहिल्यावर कंबर पुढे, जवळजवळ क्रँकच्या वर येते. नितंबाचा सांधा अधिक उलगडलेला राहतो आणि पेडलचा जोर फेऱ्यात उशिरा, पेडल बरेच खाली गेल्यावर शिखर गाठतो. ली आणि कॉल्डवेल यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात स्नायूंमधील विद्युत् हालचाल मोजली गेली. नुसता चढ शून्यावरून आठ टक्के केल्याने स्नायूंच्या कामाचा क्रम फारसा बदलला नाही. पण त्याच चढावर स्वार उभा राहताच नितंबाच्या व गुडघ्याच्या सांध्याला उलगडणाऱ्या स्नायूंचे काम वाढले किंवा अधिक वेळ चालले. एकाच सांध्यावरून जाणाऱ्या स्नायूंत, म्हणजे नितंबाच्या मोठ्या स्नायूत आणि मांडीच्या बाहेरील बाजूच्या स्नायूत, हा बदल दोन सांध्यांवरून जाणाऱ्या स्नायूंपेक्षा ठळक होता. सायकल चालवण्याची पद्धत चढामुळे नव्हे तर बसणे-उठणे यामुळे बदलते, हा या प्रयोगाचा मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा निष्कर्ष आहे. घोट्यावरचा भारही उभ्याने वाढतो, कारण पूर्ण वजन पायाच्या पुढच्या भागावर तोलावे लागते. पोटऱ्या लवकर भरून येणाऱ्यांना तो लगेच जाणवतो.

उभ्याने चढताना दंड, खांदे, पाठ आणि पोट यांना खरे काम लागते. पेडल सायकलच्या मध्यरेषेपासून बाजूला असल्याने उजव्या पायाचा जोर सायकलला उजवीकडे पाडू पाहतो. तो तोल सावरण्यासाठी उजवा हात हँडल वर ओढतो आणि सायकल डावीकडे कलते. डाव्या पायाच्या वेळी हेच उलट होते. हे डोलणे नैसर्गिक आहे आणि त्याने पेडल शरीराच्या अधिक खाली येते. मात्र सायकल हलण्याऐवजी खांदेच दोन्हीकडे हलू लागले किंवा हातांवर वजन टेकून तळवे बधिर झाले, तर वजन पेडलऐवजी हँडलवर जात आहे असे समजावे.

या अतिरिक्त स्नायूंना प्राणवायू लागतो. मध्यम चढावर तेवढाच वेग राखला, तर उभ्याने हृदयाचे ठोके बहुधा वाढलेले आढळतात, कारण सीटने पेललेले वजन आता पायांना पेलावे लागते. जोर फार वाढला, की हा तोटा भरून निघतो. हॅन्सन आणि वाल्डेलँड यांच्या २००८ मधील अभ्यासात स्वाराच्या कमाल प्राणवायू-सेवनाशी निगडित शक्तीच्या सुमारे ९४ टक्क्यांच्या पुढे उभ्याने चढणे सरस ठरले. त्याहून कमी तीव्रतेत दोन्ही पद्धतींच्या कामगिरीत फारसा फरक दिसला नाही. अर्थात ही तीव्रता काही मिनिटेच टिकते. म्हणून शर्यतीत इतरांना मागे टाकण्यासाठी एकदम वेग वाढवणे, घाटातले एखादे तीव्र वळण किंवा शेवटचे दोनशे मीटर यांसाठी उभे राहणे आणि उरलेला घाट बसून काढणे हे बहुतेकांना परवडते.

शरीराच्या वजनाचाही यात वाटा आहे. १९ जुलै १९९७ रोजी टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीत आल्प द्युएझच्या चढणीवर इटलीच्या मार्को पान्तानीने जर्मनीच्या यान उलरिखला मागे टाकून टप्पा जिंकला. ही चढण सुमारे १४ किलोमीटर लांब, सरासरी आठ टक्के तीव्र आणि २१ वळणांची आहे. पान्तानी ५७ किलोग्रॅमच्या आसपासचा होता. हँडलचा खालचा भाग धरून तो दीर्घकाळ उभ्याने चढे. अंगापिंडाने मोठा उलरिख बहुतेक वेळ बसून जड गिअर ओढत असे. हलक्या स्वाराला स्वतःचे वजन पायांवर पेलण्याचा खर्च कमी पडतो, म्हणून उभ्याने चढण्याची पद्धत अशा शरीरयष्टीला अधिक साधते. तिचे अनुकरण जड स्वाराने केले, तर तो पहिल्या काही वळणांतच दमतो. बोरघाटात ‘घाटाचा राजा’ या किताबासाठी झुंजणाऱ्या मुंबई-पुणे शर्यतीच्या स्पर्धकांनाही हा निर्णय आपापल्या वजनाकडे पाहूनच घ्यावा लागतो.

बसल्या स्थितीतून उभे राहण्याच्या क्षणी दोन चुका हमखास होतात. बसून जो गिअर सोपा वाटतो तोच उभ्याने फार हलका पडतो. पेडल एकदम खाली जाते आणि तोल जातो. म्हणून उठण्याआधी मागचे एक-दोन दात कमी असलेले चक्र घ्यावे. दुसरी चूक दोन फेऱ्यांच्या मधल्या जोरहीन जागेवर उठण्याची. तशात शरीर पुढे जाताना सायकल क्षणभर मागे रेटली जाते आणि अगदी जवळून मागे येणाऱ्याचे पुढचे चाक तिला लागू शकते. पेडल खाली जाऊ लागताच, त्याच जोराबरोबर उठले, तर हा धक्का बसत नाही.

ओल्या किंवा खडी पसरलेल्या रस्त्यावर उभे राहणे मात्र टाळावे. कंबर पुढे आल्याने मागच्या चाकावरचा भार कमी होतो आणि पेडलचा जोर मात्र एकदम वाढतो, त्यामुळे चाक जागीच फिरते. बसून, सीटवर किंचित मागे सरकून, धड पुढे वाकवले, तर मागचे चाक रस्ता धरून ठेवते आणि अति तीव्र चढावर पुढचे चाकही उचलले जात नाही.