दाताची कॅप: झिर्कोनिया, मेटल-सिरॅमिक आणि फुल मेटल

रूट कॅनल झालेली किंवा खूप किडलेली दाढ चावताना चिरू नये म्हणून तिच्यावर जी टोपी बसवतात तिला सगळे कॅपच म्हणतात, डॉक्टर क्राऊन म्हणतात. मटेरियल मुख्यतः तीन: झिर्कोनिया म्हणजे पांढरं कडक सिरॅमिक, मेटलवर सिरॅमिक (पीएफएम) आणि फुल मेटल. पेशंट बहुतेक वेळा रंग आणि किंमत विचारतो, पण कॅपवर येऊन चावणाऱ्या समोरच्या जबड्यातल्या दाताचं काय होणार हे फार कमी जण विचारतात आणि खरं तर तेच आधी विचारायला पाहिजे.

मजबुतीचं आधी बघू. नेहमीचा पांढरट झिर्कोनिया वाकवून मोडायला साधारण १००० मेगापास्कलचा ताण लागतो, पीएफएमवर जो पोर्सिलेनचा थर असतो तो १०० च्या आसपासच मोडतो. म्हणून पीएफएममध्ये आतली मेटलची टोपी शाबूत राहते आणि वरचा टवका उडतो, खाली करडं मेटल दिसायला लागतं. दिसायला जास्त पारदर्शक असा झिर्कोनियाही मिळतो, पण त्यात यट्रिया नावाच्या ऑक्साइडचं प्रमाण वाढवलेलं असतं आणि ताकद जवळपास निम्म्यावर येते, त्यामुळे तो पुढच्या दातांना ठीक, मागच्या दाढेला देताना विचार करावा. फुल मेटल फुटत नाही, फार तर वर्षानुवर्षांनी झिजून भोक पडतं.

आता जागेचा हिशोब, कारण मटेरियल बरेचदा इथेच ठरतं. समजा रात्री दात खाणाऱ्या माणसाची खालची पहिली दाढ आहे, आधीच झिजून हिरडीच्या वर ५ मिलिमीटरच उरलीय. पीएफएमला मेटल अधिक पोर्सिलेन मिळून चावायच्या बाजूने २ मिमी तरी घासावं लागतं, मग खुंट उरतो ३ चा. दाढेवर कॅप नीट धरून राहायला खुंट साधारण ४ मिमी उंच हवा, म्हणजे ही कॅप काही महिन्यात हातात येण्याची शक्यता जास्त. अखंड झिर्कोनिया किंवा फुल मेटलला १ मिमी भागतं, खुंट ४ चा राहतो. अशा दाढेला पीएफएम देऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

दिसण्यात मेटल अर्थातच मागे, पण मागच्या दुसऱ्या दाढेत ते कोणाला दिसत नाही. पीएफएम सुरुवातीला छान दिसते, पुढे हिरडी थोडी खाली सरकली की कडेला काळपट रेघ दिसते. झिर्कोनियात ती रेघ येत नाही. आपल्याकडे स्वस्त मेटलमध्ये निकेल-क्रोमियम असू शकतं, नकली दागिन्याने कानाला खाज येते अशा माणसाने ते आधी सांगावं.

झीज. झिर्कोनिया दाताच्या इनॅमलपेक्षा, म्हणजे वरच्या कडक थरापेक्षा, तिप्पट-चौपट कडक, त्यामुळे तो समोरचा दात खाऊन टाकेल असं वाटतं आणि लोकांना तसं सांगितलंही जातं. पण झीज कडकपणापेक्षा खडबडीतपणावर जास्त अवलंबून असते, काच हातावरून फिरवली तर काही होत नाही, सँडपेपर फिरवला तर सोलतं, तसंच. आरशासारखा पॉलिश केलेला झिर्कोनिया समोरच्या दाताला पीएफएमच्या पोर्सिलेनपेक्षा कमी झिजवतो. सगळ्यात सौम्य सोन्याचं मिश्रधातू, ते स्वतः थोडं झिजतं आणि समोरच्याला सांभाळतं.

घोळ होतो तो कॅप बसवायच्या दिवशी. निळा कागद चावायला लावतात, एक ठळक ठिपका उमटतो, कॅप तिथे उंच लागते म्हणून ड्रिलला लावायच्या हिऱ्याच्या टोकाने, डायमंड बरने घासतात. लॅबने दिलेली चकाकी तिथून गेली आणि खाली खरखरीत भाग उघडा पडला. त्यानंतर झिर्कोनियाच्या रबर पॉलिशरने, आधी जाड मग बारीक असं करत, तो भाग परत चकचकीत करायलाच लागतो. नुसता ग्लेझचा म्हणजे काचेसारखा पातळ थर पुरत नाही, चावून चावून काही महिन्यात तो उडतो, म्हणून आधी पॉलिश आणि हवं तर वर ग्लेझ. पेशंटलाही ओळखता येतं: कॅप वाळवून आरशात बघितली की घासलेला डाग मंद, पांढुरका दिसतो, जीभ फिरवली की अडखळते. तसं लागलं तर उठायच्या आधीच सांगावं, पॉलिश तोंडातच थोड्या वेळात होतं.

हे राहून गेलं तर समोरच्या दातावर आधी सपाट चकचकीत चट्टा येतो, मग मधे पिवळा ठिपका दिसतो म्हणजे इनॅमल संपून आतलं डेंटीन उघडं पडलंय, आणि थंड पाणी लागायला लागतं. तोपर्यंत गेलेलं इनॅमल परत येत नाही, कॅपचं पॉलिश केलं तर पुढची झीज मात्र मंदावते. रात्री दात खाणाऱ्याला कॅप कुठलीही असो, झोपताना घालायचा नाईट गार्ड लागतोच.